कंपनीत अडकलेले पैसे
(म्हसा, मुरबाड व शहापूर परिसरातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांस खुले पत्र)

सन्माननीय संचालक बंधुभगिनींनो,



म्हशाहून मुरबाडकडे अथवा किन्हवलीवरून शहापूरकडे जाताना, भाताची खाचरे मागे टाकीत पुढे जाणाऱ्या प्रवाशाला मधूनच एखादी पत्र्याची शेड दिसते. दारावर कंपनीचे नाव, नावाखाली नोंदणी क्रमांक, आणि कडीला गंजू लागलेले कुलूप. आत भातगिरणी असते, वजनकाटा असतो, बारदानाच्या थप्प्या असतात, आणि कंपनीच्या खात्यावर बँकेत काही रक्कमही पडून असते. परंतु कामकाज थांबून वर्ष-दोन वर्षे लोटलेली असतात आणि या सर्वाचे पुढे काय व्हावयाचे याचा ठराव कोणत्याही सभेत झालेला नसतो. अशा कंपन्यांचे हिशेब लिहिण्यात माझ्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला, आणि त्या काळात सभासदांच्या तोंडून जे एक वाक्य मी पुनःपुन्हा ऐकले ते असे, की "आमचे पैसे कंपनीत अडकले." हे अडकलेले पैसे कायदेशीर मार्गाने मोकळे कसे होतात, आणि मोकळे झाल्यावर ते आधी कोणाच्या आणि नंतर कोणाच्या हाती जातात, एवढ्याच विषयावर आपणांस लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच आहे.

कंपनी तोट्यात बुडाली म्हणूनच बंद करावी लागते असा एक समज आपल्याकडे दृढ आहे, आणि तो चुकीचा आहे. सर्व देणी फेडण्याची ऐपत असूनही, व्यवस्थापक मिळत नाही म्हणून, तरुण मंडळी कल्याण-भिवंडीला कामाला गेली म्हणून, अथवा भाताऐवजी सभासद भेंडीकडे वळले आणि गिरणीला पुरेसे भात येईनासे झाले म्हणून जी कंपनी पुढे चालविण्यात अर्थ उरत नाही, तिच्यासाठी कायद्याने स्वेच्छा अवसायनाची वाट ठेवलेली आहे. पूर्वी ही वाट १९५६ च्या कंपनी कायद्यातून जात असे आणि अवसायकाचे हिशेब उच्च न्यायालयाशी संलग्न असलेल्या सरकारी अवसायकाकडे तपासणीस जात. १ एप्रिल २०१७ पासून मात्र ती २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५९ मधून जाते. संहितेच्या नावातील 'दिवाळखोरी' हा शब्द ऐकून पुष्कळ संचालक दचकतात. पण हे कलम नेमके त्या कंपन्यांसाठी आहे ज्यांनी देणे चुकविलेले नाही.

या वाटेऐवजी दुसऱ्या दोन वाटा आपल्या भागात अधिक चोखाळल्या जातात. पहिली म्हणजे काहीच न करणे. वार्षिक हिशेब व वार्षिक विवरण कंपनी निबंधकांकडे दाखल न केल्यास प्रत्येक कागदापोटी दर दिवशी १०० रुपये जादा शुल्क चढत जाते, आणि सलग ३ वर्षे ते दाखल झाले नाहीत तर संचालक ५ वर्षांसाठी कोणत्याही कंपनीत संचालक होण्यास अपात्र ठरतात. २०१७ च्या सप्टेंबरात देशभरातील २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून वगळली गेली तेव्हा या नियमाचा फटका लाखो संचालकांना बसला होता. दुसरी वाट म्हणजे स्वतः अर्ज करून नाव काढून घेणे. ती स्वस्त आहे आणि योग्य ठिकाणी वापरली तर निर्दोषही आहे. परंतु ती त्या कंपनीसाठी आहे जिच्यापाशी मालमत्ताही नाही आणि देणेही नाही. बँकेतील ठेव मोडून, गिरणी परस्पर विकून, आलेली रक्कम चार-पाच जणांत वाटून घेऊन मग 'काही नाही' असे प्रतिज्ञापत्र करणे म्हणजे धनको व सभासद या दोघांच्याही तोंडचा घास काढून घेणे होय. आणि अशा रीतीने वगळलेले नाव पुन्हा नोंदवहीत घ्यावे असा अर्ज धनकोला वा सभासदाला २० वर्षांपर्यंत करता येतो, ही गोष्ट असे करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते. ज्या कंपनीपाशी विकण्याजोगे काही आहे आणि वाटण्याजोगे काही उरणार आहे, तिच्यासाठी अवसायन हीच वाट.

तिचा आरंभ आपल्या, म्हणजे संचालकांच्या, सहीने होतो. बहुसंख्य संचालकांनी शपथेवर असे लिहून द्यावे लागते की आम्ही कंपनीच्या कारभाराची पूर्ण चौकशी केली आहे, तिला देणे नाही अथवा असलेले सर्व देणे मालमत्तेच्या विक्रीतून पूर्णपणे फेडता येईल, आणि कोणाची फसवणूक करण्याच्या हेतूने हे अवसायन आरंभिलेले नाही. याच्या जोडीला मागील २ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मालमत्ता असल्यास नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल जोडावा लागतो. या प्रतिज्ञापत्रातील 'पूर्ण चौकशी' हे दोन शब्द मी आपणांस सावकाश वाचण्याची विनंती करतो, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक घात त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने झालेला आहे. ताळेबंदात गिरणी ज्या किमतीला दिसते ती पुस्तकी किंमत असते. तीवर दरसाल घसारा वजा होत गेला तरी ती बाजारभाव होत नाही. जुना रबर-रोल शेलर आणि पॉलिशर विकत घ्यायला येणारा मनुष्य यंत्राचा घसारा पाहत नाही. रोल किती झिजले, मोटर पुन्हा गुंडाळली आहे काय, आणि यंत्र खोलून नेण्याचा खर्च कोणाच्या माथी, हे तो पाहतो. जसे मालमत्तेचे, तसेच देण्याचे. ज्या जागेवर शेड उभी आहे तिचे भाडे लेखी आहे की तोंडी, विजेच्या मीटरवर थकबाकी आहे काय, एखाद्या सभासदाच्या कर्जाला कंपनी जामीन राहिली होती काय, आणि शासकीय योजनेतून अनुदान अथवा भागभांडवलास जोड म्हणून रक्कम मिळाली असेल तर मुदतीपूर्वी कंपनी बंद केल्यास अथवा यंत्र विकल्यास ती परत करण्याची अट करारात आहे काय, ही देणी ताळेबंदात दिसत नाहीत. ती दप्तराच्या तळाशी सापडतात. एका कंपनीत, जिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्यानंतर ६ आठवड्यांनी अनुदानाचा करार कपाटातून निघाला, आणि फेडीची सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागली. तो करार आधी शोधला नाही यात माझाही दोष होता, आणि तो मी आजही स्वतःकडे घेतो.

प्रतिज्ञापत्र झाल्यापासून ४ आठवड्यांच्या आत सर्वसाधारण सभा व्हावी लागते आणि तीत विशेष ठराव संमत व्हावा लागतो. उत्पादक कंपनीत सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला मत एकच. सभेची गणपूर्ती नियमावलीत याहून अधिक सांगितली नसेल तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. आणि ठरावाच्या बाजूने, दिलेल्या एकूण मतांच्या किमान तीन चतुर्थांश मते हवीत. म्हणजे ४०० सभासदांच्या कंपनीत निदान १०० जण सभेला यावे लागतात. त्याच ठरावाने अवसायकाची नेमणूक होते. हा अवसायक नादारी मंडळाकडे नोंदलेला व्यावसायिक असावा लागतो. गावचा सचिव अथवा ओळखीचा लेखापरीक्षक ते काम करू शकत नाही. त्याचे मानधन ठरावातच ठरवून घ्यावे, कारण पुढे ते सर्वांच्या आधी वसूल होते. कंपनीस काही देणे असेल तर ठरावानंतर ७ दिवसांच्या आत देण्याच्या रकमेच्या दोन तृतीयांश इतक्या धनकोंची संमती लागते, आणि ती मिळाल्यावर निबंधक व मंडळ यांना ७ दिवसांत कळवावे लागते. येथून पुढे कारभार संचालकांच्या हातून अवसायकाच्या हाती जातो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहावयास घेतले ती सांगतो. उत्पादक कंपनी ही डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. सहकारी संस्थेचे मन आणि कंपनीचे शरीर असे तिचे स्वरूप ठरले, आणि म्हणून तिचा सभासद एकाच वेळी दोन नात्यांनी तिच्याशी बांधलेला असतो. भात घातल्यावर त्याला पूर्ण किंमत मिळत नाही. संचालक मंडळ ठरवील तेवढी रक्कम त्या वेळी मिळते आणि उरलेली पुढे द्यावयाची म्हणून राखून ठेवली जाते. कायदा हिला राखून ठेवलेली किंमत म्हणतो आणि तिची व्याख्या करताना ती सभासदाला 'देय' असल्याचे स्पष्ट सांगतो. म्हणजे या रकमेपुरता सभासद हा कंपनीचा धनको आहे. बारदान पुरविणारा दुकानदार जसा धनको, तसाच. भाग घेताना त्याने भरलेले पैसे मात्र देणे नव्हे. ते भांडवल आहे, आणि भांडवल सर्वांच्या शेवटी परत मिळते, उरले तर. "कंपनीत पैसे अडकले" या एका वाक्यात सभासद या दोन्ही रकमा एकत्र करतो, आणि दुर्दैवाने पुष्कळदा संचालकही करतात. मग अवसायकाची जाहीर सूचना निघते, दावे ३० दिवसांत दाखल करावेत असे तीत म्हटलेले असते, आणि भातवाले सभासद "आम्ही सभासद आहोत, आमची नावे वहीत आहेतच" असे समजून स्वस्थ बसतात. भागांपुरते ते बरोबरही असते. सभासदांची नोंदवही अवसायकापाशी असते. राखलेल्या किमतीचा दावा मात्र माल पुरविणाऱ्या धनकोच्या नमुन्यात, भात घातल्याच्या पावतीसह, स्वतंत्रपणे दाखल करावा लागतो.

हे आकड्यांनी पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. कोणत्याही एका कंपनीचे ते नाहीत. कंपनीचे ४०० सभासद, प्रत्येकाचे १०० रुपयांचे २० भाग, म्हणजे भागभांडवल ८,००,००० रुपये. गिरणी व काटा विकून ११,८५,००० आले, जुना टेम्पो २,१०,००० ला गेला, बँकेत ४,६५,००० होते, आणि एका व्यापाऱ्याकडून पुस्तकांत १,८५,००० येणे दिसत असता प्रत्यक्षात १,४०,००० वसूल झाले. एकूण २०,००,०००. यातून प्रथम अवसायनाचाच खर्च, म्हणजे अवसायक, मूल्यांकक, लेखापरीक्षक, वृत्तपत्रांतील सूचना, टपाल, मिळून २,३५,०००. मग गिरणी ज्या बँकेला तारण होती तिचे ३,६०,००० आणि गिरणीवरील मजुरांची थकलेली मजुरी ८४,०००. कायद्याने मजुरांचे मागील २४ महिन्यांचे वेतन आणि तारण सोडून देणाऱ्या धनकोचे कर्ज एकाच पायरीवर बसविले आहे. त्याखाली व्यवस्थापकाचा पगार ५१,०००, मग शासकीय कर २५,०००, आणि त्यानंतर बारदानवाला व वीज मिळून ८५,००० आणि शेतकऱ्यांची राखलेली किंमत २,४०,०००. खर्चासह एकूण १०,८०,००० गेले आणि ९,२०,००० उरले. प्रत्येक भागावर ११५ रुपये. २० भागांच्या सभासदाला २,३००.

या पायऱ्यांकडे पाहताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पैसा पुरेसा असला की पायऱ्यांना अर्थ राहत नाही. सर्वांना सर्व मिळते. त्यांचा अर्थ तुटीच्या वेळी उघडा पडतो. गिरणीचे ११,८५,००० न येता २,६५,००० आले असते तर देणी जेमतेम फिटली असती आणि भागांवर एक रुपयाही आला नसता. त्याहून कमी आले असते तर तूट प्रथम शेवटच्या देण्यांवर, म्हणजे बारदानवाल्यावर आणि राखलेल्या किमतीवर पडली असती. भात घालणारा शेतकरी धनको खरा, पण धनकोंच्या रांगेत तो शेवटचा उभा असतो. या कारणानेच मूल्यांककाचा अहवाल हा कागद जोडण्यापुरता कागद नव्हे. देणी पूर्ण फिटणार नाहीत अथवा कोणाची फसवणूक होत आहे असे अवसायकाचे मत झाले तर राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे जाऊन ही प्रक्रिया थांबविण्याचा अर्ज करणे त्याला भाग असते, आणि मग पहिल्या दिवशी शपथेवर काय लिहून दिले होते याची विचारणा सुरू होते.

संमतीचेही गणित याच आकड्यांत आहे. अवसायनाचा खर्च वगळता एकूण देणे ८,४५,००० आणि त्याचे दोन तृतीयांश ५,६३,३३३ होतात. बँकेला वगळले तर उरलेले सारे धनको एकत्र येऊनही ४,८५,००० च भरतात, म्हणून बँकेची संमती अपरिहार्य. आणि बँक व शेतकरी एकत्र आले की ६,००,००० होऊन काम भागते. सभेच्या आधीच बँकेच्या शाखेत जाऊन लेखी बाकी आणि संमतीचा मसुदा हाती घ्यावा असे मी सांगतो ते याचसाठी, कारण ठरावानंतरच्या ७ दिवसांत शाखेतून वरिष्ठ कार्यालयाकडे कागद जाऊन परत येणे हे आपल्या भागात मी क्वचितच पाहिले आहे.

उरलेल्या ९,२०,००० विषयी अजून एक शब्द लिहिल्याविना पुढे जाता येत नाही. ते भागांच्या प्रमाणात वाटावयाचे असा साधा हिशेब वर केला. परंतु उत्पादक कंपनीच्या नियमावलीत विसर्जनाच्या प्रसंगी उपलब्ध होणारा निधी कोणत्या तत्त्वावर व कोणत्या रीतीने वाटावयाचा हे लिहिलेले असलेच पाहिजे, असे कायद्याचे स्पष्ट सांगणे आहे. सहकारी संस्थेत अवसायनानंतरची शिल्लक सभासदांत आपोआप वाटली जात नाही, तिच्यावर सहकार निबंधकांचा आणि शासनाचा अधिकार चालतो. उत्पादक कंपनीत मात्र तो निर्णय संस्थापक सभासदांनी स्वतः आधीच लिहून ठेवावा अशी योजना आहे. प्रत्यक्षात काय होते? नोंदणीच्या वेळी मुरबाडच्या वा कल्याणच्या एखाद्या कचेरीत छापील नियमावलीवर सह्या होतात आणि ते कलम कोणी वाचतही नाही. आता समजा त्या कलमात भांडवल आधी परत करावे व त्यावरील शिल्लक गेल्या ५ वर्षांत घातलेल्या मालाच्या प्रमाणात वाटावी असे लिहिलेले आहे. मग ८,००,००० भागांवर जातील, उरलेले १,२०,००० मालावर. ५ वर्षांत सर्वांनी मिळून ६,००० क्विंटल भात घातले असेल तर क्विंटलमागे २० रुपये पडतील. ६० क्विंटल घालणाऱ्याला २,००० अधिक १,२०० म्हणजे ३,२०० मिळतील, आणि भाग घेऊन पुन्हा कधी फिरकला नाही त्याला फक्त २,०००. कष्टाचे माप म्हणून मला ही रीत अधिक न्याय्य वाटते. परंतु माझे मत येथे गौण आहे, नियमावली काय म्हणते ते मुख्य. ते कलम नसेल वा संदिग्ध असेल तर ठरावाच्या आधी विशेष ठरावानेच नियमावली दुरुस्त करून घ्यावी. अवसायन सुरू झाल्यावर, पैसा समोर दिसू लागल्यावर, या प्रश्नावर एकमत होणे दुरापास्त असते. मिळणाऱ्या रकमेतील जो भाग कंपनीच्या साचलेल्या नफ्यातून येतो तो आयकराच्या दृष्टीने लाभांश समजला जातो, हेही सभासदांना आधीच सांगून ठेवावे.

भागधारक रांगेत शेवटी उभा असतो ही काही आजची गोष्ट नाही. १८६५ साली कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईत शेअर्सचे इमले ढासळले, तेव्हा जुन्या बँक ऑफ बॉम्बेचे भागभांडवल जवळजवळ सारे बुडाले, आणि १८६८ त ती बँक गुंडाळावी लागली. आपल्या कंपन्या त्या मानाने चिमुकल्या. पण पायऱ्यांचा क्रम तोच आहे, आणि २,००० रुपये भरलेल्या सभासदाला ते २,००० त्या वेळच्या शेटजींच्या लाखांइतकेच जड असतात.

कालाविषयी माझी एक आग्रहाची सूचना आहे. अवसायकाने नेमणुकीपासून ५ दिवसांत एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात आणि नादारी मंडळाच्या संकेतस्थळावर सूचना द्यावयाची, आणि दावे अवसायन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत यावयाचे, असा नियम आहे. दिवाळी आटोपून भाताची झोडणी संपली की आपल्या वाड्यापाड्यांवरील अनेक कातकरी व ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या कंपनीचा ठराव मार्गशीर्षात होतो तिच्या दाव्यांचा महिना ही माणसे भट्टीवर असताना निघून जातो. वृत्तपत्रातील सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नाही. उलट लावणी आटोपल्यावर, श्रावणात वा भाद्रपदात, ठराव केला तर सारे गावी असतात, मार्चअखेरच्या हिशेबांचे परीक्षणही तोवर पुरे झालेले असते, आणि ३० सप्टेंबरच्या आत व्हावयाच्या वार्षिक सभेलाच हे काम जोडून घेता येते. वृत्तपत्रातील सूचनेखेरीज पाड्यापाड्यावर निरोप धाडावा, ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावावा, आणि पावती हरवलेल्या सभासदाला कंपनीच्या आवक-नोंदवहीतील उताऱ्याची प्रत द्यावी, म्हणजे त्याचा दावा उभा राहील. अवसायकाने दावा नाकारला तर तो कारण कळवितो, आणि त्याविरुद्ध १४ दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण दावाच नसेल तर नाकारण्याचाही प्रश्न येत नाही.

दाव्यांची छाननी, यादी, विक्री आणि वाटप यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कालमर्यादा ठरविण्यात आली: धनकोंची संमती घ्यावी लागलेल्या कंपनीसाठी २७० दिवस, देणे नसलेल्या कंपनीसाठी ९० दिवस, आणि पैसा हाती आल्यापासून ३० दिवसांत वाटप. अवसायक 'स्वेच्छा अवसायनात' अशी नावापुढे जोड असलेले स्वतंत्र बँक खाते उघडतो आणि ५,००० रुपयांवरील प्रत्येक रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फतच देतो. म्हणून सभासदाचे बँक खाते व नोंदवहीतील नाव यांचा मेळ आधीच घालून ठेवावा. वहीत 'बाळू' असतो, खात्यावर 'बाळकृष्ण'; मूळ सभासद वारलेला असतो आणि वारस दाखला कोणी काढलेला नसतो. जी रक्कम घेणारा सापडत नाही ती अवसायक मंडळाच्या स्वेच्छा अवसायन खात्यात भरतो. तेथून पुढील १५ वर्षांपर्यंत ती मागता येते, परंतु म्हशाच्या विधवेने दोन हजारांसाठी दिल्लीकडे अर्ज करावा अशी वेळ येऊ देऊ नये.

सर्व वाटप झाल्यावर अवसायक अंतिम अहवाल व लेखापरीक्षित हिशेब निबंधकांकडे व मंडळाकडे धाडतो, न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे विसर्जनाचा अर्ज करतो, आणि आदेशाच्या तारखेपासून कंपनी संपते; आदेशाची प्रत १४ दिवसांत निबंधकांकडे पाठवावी लागते. आयकर खात्याचा 'ना-हरकत' दाखला आणावाच लागतो असे पूर्वी सर्वजण समजत आणि त्यासाठी महिनेच्या महिने जात. नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने नादारी मंडळाने तो दाखला आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले आहे, हे आपल्या सल्लागारास दाखवावे. कराची देणी अर्थातच द्यावी लागतात. दाखल्यासाठी थांबावे लागत नाही, इतकेच.

माझी आपणांस विनंती अशी आहे, की ज्यांच्या शेडीला कुलूप आहे त्या प्रत्येक संचालक मंडळाने येत्या पौषी पौर्णिमेच्या यात्रेपूर्वी, म्हणजे गावोगावचे सभासद म्हशास जमण्याच्या आधी, तीन कागद एकत्र करावेत: नियमावलीतील विसर्जनाच्या निधीविषयीचे कलम, राखलेल्या किमतीची सभासदवार फर्द, आणि अनुदानाचे करार. ही फर्द यात्रेच्या दिवसांत सभासदांना दाखविता आली तर कोणाचे किती देणे आहे याविषयीचे तंटे तेथेच, पावत्या हातात असताना, मिटतील. आणि पुढील श्रावणात प्रतिज्ञापत्रावर सही करताना आपला हात थरथरणार नाही. ती फर्द कशी करावी हे कोणास समजून घ्यावयाचे असेल तर मी म्हशातच राहतो, आणि माझ्यापाशी वेळ आहे.

आपला नम्र,
एक सभासद व निवृत्त हिशेबनीस
म्हसा, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे